पहिली परकी मालिका कशी निवडावी: तुर्की, स्पॅनिश आणि थोडे त्यापलीकडचे

ओळखीच्या भाषांपलीकडची पहिली मालिका निवडताना बहुतेक जण जिचे नाव सर्वांत जास्त कानावर पडले आहे तीच लावतात, आणि दोन भागांनंतर ती मालिका आणि ती भाषा या दोघांनाही रामराम ठोकतात. मालिका वाईट असतेच असे नाही. ती तिच्या देशातील प्रेक्षकांच्या मनात आधीपासून असलेल्या गोष्टींवर उभी असते आणि आपल्याजवळ नेमके तेच नसते. म्हणून निवड करताना मालिका चांगली आहे का, या प्रश्नाआधी ती प्रवास करू शकते का, हे पाहावे. या दोन प्रश्नांची उत्तरे अनेकदा वेगळी येतात.

प्रवासाचा माझा निकष एकच आहे. कथेतील मुख्य अडसर, म्हणजे पात्राला हवे ते मिळण्याच्या आड जे काही येते ते, पडद्यावरच समजले पाहिजे. तो समजण्यासाठी प्रेक्षकाने त्या देशात शाळा शिकलेली असणे आवश्यक असेल, तर ती मालिका पहिल्या पावलासाठी नाही. चौथ्या किंवा पाचव्या पावलाला ती कदाचित सर्वांत आवडती ठरेल.

अडसर कोठे आहे ते पाहणे

स्पॅनिशमधील दोन मालिका शेजारी ठेवल्या की हा निकष स्पष्ट होतो. ‘ला कासा दे पापेल’ 2017 साली स्पेनच्या आंतेना 3 या वाहिनीवर आली. पहिल्या भागाला चाळीस लाखांहून अधिक प्रेक्षक होते आणि त्याच वर्षी ती संपली तेव्हा निम्मेही उरले नव्हते. मायदेशात जवळपास विझलेली ही मालिका नेटफ्लिक्सवर ‘मनी हाइस्ट’ या नावाने जगभर पसरली आणि 2018 साली तिला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. घरी प्रेक्षक गमावलेल्या मालिकेत बाहेर चालण्यासारखे काय होते? एक टोळी माद्रिदमधील सरकारी टांकसाळीत शिरते, पण तेथील पैसा पळवण्याऐवजी आत बसून नव्या नोटा छापते. म्हणजे जितके तास आत टिकता येईल तितकी लूट मोठी. अडसर वेळेचा आहे आणि वेळ सर्वांना कळतो. टोळीतील माणसांना खरी नावे नाहीत, तोक्यो, बर्लिन, नैरोबी अशी शहरांची नावे आहेत. ती स्पॅनिश न येणाऱ्यालाही पहिल्या वीस मिनिटांत पाठ होतात. स्पॅनिश चित्रकार दालीच्या चेहऱ्याचा मुखवटा ओळखला नाही तरी मुखवटा म्हणून तो काम करतोच.

याउलट ‘एल मिनिस्तेरिओ देल तिएम्पो’ घ्या. 2015 साली स्पेनच्या सरकारी वाहिनीवर सुरू झालेल्या या मालिकेत काळाचे एक गुप्त मंत्रालय आहे. त्याच्या तळघरातील दारे वेगवेगळ्या शतकांत उघडतात आणि इतिहास कोणी बदलू नये म्हणून तीन जणांचे पथक तेथे पाठवले जाते. सोळाव्या शतकातील एक सैनिक, एकोणिसाव्या शतकातील एक विद्यार्थिनी आणि आजच्या काळातील रुग्णवाहिकेवरचा एक माणूस, असे ते पथक आहे. कल्पना कोणालाही एका वाक्यात सांगता येते. पण मौज कल्पनेत नसून तपशिलात आहे. चित्रकार व्हेलास्केस मंत्रालयात नोकरीला असतो, नाटककार लोपे दे व्हेगा बायकांच्या मागे लागतो, आणि स्पॅनिश प्रेक्षक हसतो, कारण शाळेत कंटाळून वाचलेली ती माणसे त्याला अचानक शेजाऱ्यासारखी भेटतात. ज्याला लोपे दे व्हेगा ठाऊक नाही त्याच्यासाठी तो केवळ एक आगाऊ कवी उरतो. व्यक्तिशः मला ही मालिका पहिल्या मालिकेपेक्षा कितीतरी अधिक आवडते. तरीही नवख्या माणसाच्या हाती मी ती देणार नाही.

तेव्हा पहिली पायरी ही, की मालिकेचा चार ओळींचा सारांश वाचावा आणि त्यातील अडसर स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहून पाहावा. त्या वाक्यात संस्थेचे, पक्षाचे किंवा ऐतिहासिक घटनेचे विशेषनाम आल्याशिवाय वाक्य पूर्ण होत नसेल, तर मालिका बाजूला ठेवून पुढची घ्यावी. ‘पातळी अवघड आहे’ असा शेरा मात्र तिच्यावर मारू नये. यादीत नोंद करून ठेवावी.

तुर्की मालिका आणि लांबीचा प्रश्न

तुर्की मालिकांच्या बाबतीत अडसर सहसा अडचणीचा नसतो. प्रेम, वर्ग, घराणे, कर्ज, खोटा आळ, असे त्यांचे विषय कोठेही समजतात. ‘कारा सेव्दा’चे उदाहरण घेऊ. मध्यमवर्गीय घरातील केमाल आणि श्रीमंत घरातील निहान यांचे प्रेम जुळते. निहानच्या जुळ्या भावावर खुनाचा आळ येतो आणि त्याला वाचवण्यासाठी तिला एमिर या धनाढ्य माणसाशी लग्न करावे लागते. केमाल झोंगुल्दाक या कोळशाच्या खाणींच्या गावी निघून जातो आणि पाच वर्षांनी परत येतो. यात समजावून सांगण्याजोगे काही नाही. 2017 साली टेलिनोव्हेला, म्हणजे लांबलचक भावनाप्रधान मालिका, या विभागातील आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार या मालिकेला मिळाला, यात नवल वाटू नये.

येथे नवखा प्रेक्षक अडखळतो तो लांबीवर. तुर्कस्तानात वाहिनीवरील मालिका आठवड्यातून एकदा येते आणि तिचा एक भाग जाहिराती वगळूनही दोन तासांच्या आसपास, कधी त्याहून लांब असतो. संध्याकाळचा सगळा महत्त्वाचा वेळ ती एकटीच भरून काढते. इतका ऐवज दर आठवड्याला चित्रित करायचा म्हणजे दृश्ये ताणावी लागतात. पात्रे एकमेकांकडे दीर्घ काळ पाहतात, पार्श्वसंगीत चढत जाते, दाराशी कोणीतरी ऐकत उभे असते. तुर्की दूरचित्रवाणीवरील नियंत्रणाचाही यात वाटा आहे. तेथे पडद्यावरील दारूचा पेला आणि सिगारेट धूसर केली जाते आणि शारीरिक जवळीक मोजूनमापून दाखवली जाते, त्यामुळे नजरेला बरेच काम करावे लागते. हा संथपणा म्हणजे मालिका बिघडली असे समजू नये. तो त्या प्रकाराचा स्वभाव आहे.

परदेशी जाताना हेच दोन तासांचे भाग पाऊण तासाच्या तुकड्यांत कापले जातात. ‘कारा सेव्दा’चे मूळ भाग 74, पण कापलेल्या रूपात ही संख्या दुपटीहून पुष्कळ पुढे जाते. कापलेला भाग पाहत आहात हे ओळखण्याची खूण सोपी आहे: भाग एखाद्या प्रसंगाच्या मध्येच, वाक्य जेमतेम संपताना थांबतो, आणि पुढच्या भागाची सुरुवात त्याच खोलीत, त्याच चेहऱ्यांवर होते. मूळ भाग मात्र मोठ्या कलाटणीवर संपतो. ही खूण दिसली की दर बैठकीला एक तुकडा पाहण्याचा हट्ट सोडावा आणि सलग दोन-तीन तुकडे मिळून एक भाग मानावा. अन्यथा प्रत्येक वेळी काहीच घडले नाही असे वाटत राहते. स्पॅनिशमध्येही असे घडले आहे: ‘ला कासा दे पापेल’च्या मूळ कथेचे सुमारे सत्तर मिनिटांचे 15 भाग होते, ते नेटफ्लिक्सने लहान 22 भागांत बसवले. तेथे कापणी इतकी नेटकी आहे की ती लक्षात येत नाही.

म्हणून दुसरी पायरी म्हणजे निवडलेल्या मालिकेबाबत तीन गोष्टी तपासणे: ती वाहिनीसाठी बनली की थेट स्ट्रीमिंगसाठी, मूळ भाग किती मिनिटांचा होता, आणि कथा पूर्ण झाली आहे का. थेट स्ट्रीमिंगसाठी बनलेल्या तुर्की मालिका बहुधा आठ-दहा भागांच्या आणि नेहमीच्या लांबीच्या असतात. पहिल्याच वेळी सत्तर लांब भागांचा डोंगर अंगावर घेण्याचे कारण नाही.

आवाज आणि अक्षरे

तिसरी पायरी पाहायला बसण्याआधीची. डबिंगला नाके मुरडण्याचा माझा हेतू नाही. ‘ग्युम्युश’ ही तुर्की मालिका 2008 साली सीरियन बोलीतील अरबीत डब होऊन ‘नूर’ या नावाने अरब जगात पोहोचली आणि प्रचंड गाजली. नायक मेहमेतचा मुहन्नद झाला. बोलीभाषेतील डबिंगनेच तिला घराघरांत नेले. तरीही नव्या भाषेच्या ओळखीसाठी मालिका पाहायची असेल तर मूळ आवाज आणि सबटायटल हाच मार्ग योग्य, कारण डबिंगमध्ये पात्रांची एकमेकांतील पायरी प्रथम हरवते.

सबटायटलचा एक सापळा ध्यानात ठेवावा. एका सेवेवर मी एक स्पॅनिश मालिका मूळ आवाजात पाहत होतो आणि पडद्यावरील अक्षरे पात्रांच्या तोंडच्या शब्दांशी जुळतच नव्हती. पात्र दोन शब्द बोले आणि खाली दीड ओळ येई. नंतर उमगले, की ती अक्षरे इंग्रजी डबिंगच्या संवादांवरून घेतलेली होती. ओठांच्या हालचालीत बसावेत म्हणून डबिंगमध्ये संवाद बदलतात, आणि तेच बदललेले संवाद खाली आले की मूळ वाक्य आपल्याला दोनदा चुकवून मिळते. सबटायटलच्या यादीत एकाच भाषेचे दोन पर्याय दिसत असतील, तर ज्यात ‘दार आपटते’, ‘संगीत सुरू’ अशी वर्णने नाहीत तो पर्याय घ्यावा. वर्णने असलेला पर्याय पुष्कळदा डबिंगबरोबर चालण्यासाठी केलेला असतो. पात्राने एखादे नाव उच्चारले की ते त्याच क्षणी खाली येते का, एवढे दोन मिनिटे पाहिले तरी खरे-खोटे कळते.

येथे मराठी प्रेक्षकाच्या हाती एक आयते साधन आहे, ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तुर्कीत वडिलांची बहीण ‘हाला’ आणि आईची बहीण ‘तेय्झे’. वडिलांचा भाऊ ‘आम्जा’, आईचा भाऊ ‘दाय’. इंग्रजी सबटायटल या चौघांना दोन शब्दांत गुंडाळते, पण आपल्याला आत्या, मावशी, काका आणि मामा वेगवेगळे ऐकू येतात. ‘आबी’ म्हणजे दादा, ‘आब्ला’ म्हणजे ताई, ‘येंगे’ म्हणजे वहिनी. जाऊ आणि साडू यांनाही तुर्कीत स्वतंत्र शब्द आहेत, ‘एल्ती’ आणि ‘बाजानाक’; इंग्रजीला त्यांचे भाषांतर करताना लांबलचक वाक्य करावे लागते. ‘सेन’ आणि ‘सिझ’ हा तू आणि तुम्ही यांचा भेद तर प्रत्येक प्रेमकथेत निर्णायक असतो: ज्या दृश्यात नायिका ‘सिझ’वरून ‘सेन’वर येते ते दृश्य सबटायटलमध्ये कोरडे जाते, पण कान उघडे असतील तर ते चुकत नाही. ऐकीव गोष्ट सांगताना तुर्की क्रियापदाला ‘-मिश’ हा प्रत्यय लागतो. ‘गेल्मिश’ म्हणजे जवळपास आपले ‘आला म्हणे’. सबटायटल नुसते ‘तो आला’ असे म्हणते आणि बोलणाऱ्याने स्वतः पाहिलेले नाही ही महत्त्वाची गोष्ट गाळून टाकते. असे दहा-बारा शब्द कागदावर लिहून जवळ ठेवले, की तुर्की मालिका एकदम जवळ येते.

स्पॅनिशमध्ये ‘तू’ आणि ‘उस्तेद’ असा भेद आहे, पण तो देशागणिक बदलतो. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘व्होस’ म्हणतात, आणि कोलंबियाच्या काही भागांत नवरा-बायकोही एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणतात. त्यामुळे स्पेनच्या मालिकेत कमावलेला कान कोलंबियाच्या मालिकेत काही दिवस फसतो.

पहिल्या तासाची चाचणी

चौथी पायरी खरी. पहिला भाग पाहताना कागद घ्यावा आणि जेथे जेथे कळले नाही तेथे एक शब्द लिहावा. थांबवून शोधायला मात्र जाऊ नये. भाग संपल्यावर त्या शब्दांच्या तीन राशी कराव्यात: माहिती न कळलेली, नाते न कळलेले, विनोद किंवा संदर्भ न कळलेला. माहितीची रास भागातच आपोआप कमी होत गेली पाहिजे. नात्याची रास बहुधा सबटायटलचा दोष असते आणि दुसऱ्या भागात मिटते. तिसरी रास सर्वांत मोठी असेल तर मालिका आपल्यासाठी अजून परकी आहे.

‘बिर बाश्कादर’ या 2020 सालच्या आठ भागांच्या तुर्की मालिकेवर ही चाचणी कशी चालते ते पाहू. बाहेर ती ‘एथॉस’ या नावाने ओळखली जाते. लेखन-दिग्दर्शन बेर्कुन ओया यांचे. मेरिएम ही इस्तंबूलच्या कडेला राहणारी, डोक्याला रुमाल बांधणारी तरुणी श्रीमंत माणसाचे घर साफ करते. तिला अधूनमधून भोवळ येते आणि डॉक्टरांनी तिला मानसोपचारतज्ज्ञ पेरीकडे पाठवलेले असते. पहिल्या भागाचा मोठा हिस्सा या दोघींच्या खोलीतील संभाषणाचा आहे. मेरिएम गोल गोल बोलते, भावाचे सांगते, वहिनीचे सांगते, ज्या घरी काम करते त्या मालकाचा विषय आला की दुसरीकडे वळते, आणि पुन्हा यायचे की नाही याबाबत आपल्या होजाचे मत महत्त्वाचे मानते.

माझ्या कागदावर पहिल्या भागाअखेर पाच शब्द होते. पहिला ‘होजा’. हा शब्द धर्मगुरूलाही लागतो आणि शिक्षकालाही. येथे कोण अभिप्रेत आहे हे पुढे स्वतः होजाच पडद्यावर आल्यावर सुटते. दुसरा आणि तिसरा नात्याचे, आणि ‘येंगे’ म्हणजे वहिनी हे कळताच दोन्ही सुटले. चौथा सर्वांत महत्त्वाचा: सुशिक्षित, शांत पेरी या मुलीपुढे इतकी अस्वस्थ का? तुर्कस्तानात विद्यापीठांत आणि सरकारी कचेऱ्यांत रुमालावर अनेक वर्षे बंदी होती. 2010 नंतरच्या काळात ती टप्प्याटप्प्याने उठली आणि 2013 साली बहुतेक सरकारी नोकरांसाठीही उठली. मालिका हा इतिहास कोठेही सांगत नाही. पण पेरी स्वतः दुसऱ्या तज्ज्ञ बाईकडे, ग्युल्बिनकडे जाते आणि रुमालवाल्या बायकांविषयी घरातून आलेला आपला दुस्वास मोठ्या कष्टाने कबूल करते. इतिहास ठाऊक नसला तरी, जिने समोरच्या माणसाला समजून घ्यायचे तीच आतून बंद आहे, हा अडसर पडद्यावरच उघड होतो. म्हणजे माहिती नसल्याने आपण थोडे गमावतो, पण कथा गमावत नाही.

पाचवा शब्द तिसऱ्या राशीचा, आणि तो खुद्द शीर्षकाचा. ‘बिर बाश्कादर’ म्हणजे ‘काही वेगळाच आहे’. तुर्की माणसाच्या मनात त्यापुढे ‘माझा देश’ हे शब्द आपोआप येतात, कारण एका अतिशय लोकप्रिय देशप्रेमाच्या गाण्याची ती ओळ आहे. त्यामुळे शीर्षकातच अभिमान आणि टोमणा दोन्ही आहेत. ‘एथॉस’ या नावात यांपैकी काहीही पोहोचत नाही. तसेच काही भागांच्या शेवटी जुन्या काळातील गायकाची चित्रफीत येते. तिथल्या प्रेक्षकाला त्यातून आपले बालपण आठवत असेल, आपल्याला फक्त सूर मिळतो. हिशोब असा झाला: पाचांपैकी चार सुटले, एक राहिला आणि त्याच्यावाचून कथा अडली नाही. मालिका पास. मात्र एक सावधगिरी: जिला वेगवान घटना हव्या आहेत अशा व्यक्तीला मी ही सुचवत नाही, कारण इथला सगळा ताण बोलण्यात आहे आणि सबटायटल वाचताना चेहरा निसटला तर तो ताण निसटतो.

दुसरा भाग संपल्यावर कागदावर पुन्हा पाचच्या आसपास शब्द आले आणि ते पहिल्याच प्रकारचे असतील, तर मालिका सोडण्यात कमीपणा नाही. राशी घटत असतील तर चौथ्या भागापर्यंत थांबावे.

पुनर्निर्मितीवरून काय ओळखावे

ज्या मालिकेच्या इतर देशांत आवृत्त्या निघाल्या तिची कल्पना प्रवास करते, एवढे नक्की. कोलंबियाची ‘यो सोय बेती, ला फेआ’ ही 1999 साली सुरू झालेली मालिका भारतात ‘जस्सी जैसी कोई नहीं’ झाली, जर्मनी, मेक्सिको आणि अमेरिकेतही तिची रूपे आली. हुशार पण दिसायला सामान्य मुलगी फॅशनच्या कंपनीत कामाला लागते, हा अडसर सगळीकडे चालतो. तरीही मूळ कोलंबियन बेती पाहताना जी चव मिळते ती कचेरीतील बोलण्याची आहे: मनातून ज्याच्यावर जीव जडला त्यालाही बेती ‘डॉन अर्मांदो’ म्हणत राहते. आपल्या ‘साहेब’मधला दुरावा ज्याला कळतो त्याला हे समजायला वेळ लागत नाही. मात्र ती दीर्घ टेलिनोव्हेला आहे, त्यामुळे तुर्की मालिकांसारखीच सवडीने घ्यावी.

उलट दिशेचे उदाहरण डॅनिश-स्वीडिश ‘ब्रोन’चे. 2011 सालच्या या मालिकेत दोन देशांना जोडणाऱ्या पुलावर, बरोबर सीमारेषेवर प्रेत सापडते आणि दोन्हीकडच्या पोलिसांना एकत्र तपास करावा लागतो. अमेरिका-मेक्सिको सीमेवर आणि इंग्लंड-फ्रान्समधील बोगद्यात तिची रूपे सहज बसली, कारण सीमा सगळीकडे आहेत. मूळ मालिकेत मात्र स्वीडिश सागा आणि डॅनिश मार्टिन आपापल्या भाषेत बोलतात आणि एकमेकांना समजून घेतात, हा एक अखंड खेळ चालतो. एकाच रंगाच्या सबटायटलखाली तो पूर्ण झाकला जातो. कोण कोणती भाषा बोलत आहे हे पहिल्या भागात जाणीवपूर्वक कानाने वेगळे करून पाहावे. स्वीडिशचा हेल गात असल्यासारखा आणि डॅनिश तोंडातल्या तोंडात गिळल्यासारखी ऐकू येते. दुसऱ्या भागापासून ते आपोआप जमू लागते, आणि मग सागाचे कोरडे वाक्य कोठे संपले आणि मार्टिनचा उसासा कोठे सुरू झाला हे खालची ओळ न वाचताही कळते.